एक मिलिलिटरचा मोह

सुरतेत पांडेसऱ्याच्या रंगाई गिरण्यांच्या सांडपाण्यातलं क्रोमियम मोजायचं, तर आधी ठाऊक तीव्रतेचं प्रमाण द्रावण लागतं. बाटलीतलं मूळ द्रावण लिटरला 1000 मिलिग्रॅमचं असतं, आपल्याला हवं 10 चं. म्हणजे शंभरपट पातळ.

सोपा मार्ग दिसतो: 1 मिलिलिटर घ्या, 100 च्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरा. पण अ वर्गाच्या 1 मिलिलिटर पिपेटला साधारण 0.008 मिलिलिटर चूक माफ असते, म्हणजे 0.8 टक्के. 10 मिलिलिटरच्या पिपेटला 0.02, म्हणजे फक्त 0.2 टक्के. 100 च्या फ्लास्कची चूक 0.1 टक्का.

म्हणून 10 चे 100 असं दोनदा करा. चुका सरळ बेरजेनं वाढत नाहीत. प्रत्येकीचा वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. एका पायरीला 0.22 टक्के येतात, दोन पायऱ्यांना 0.32. पायरी वाढूनही चूक निम्म्याहून कमी! मात्र दोन्ही वेळा पिपेट आणि फ्लास्क वेगळे हवेत. तेच वापरले, तर त्यांची चूक दोनदा एकाच दिशेला पडते आणि आकडा 0.45 पर्यंत जातो.

आणि सुरतेचा उन्हाळा? काचेवरची खूण 20 अंशांची. 35 अंशांना पाणी सुमारे 0.4 टक्के फुगतं, काचेच्या चुकीहूनही जास्त. सगळं एकाच तापमानाला केलं, तर पातळ करण्याचं गुणोत्तर बिघडत नाही. पण फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच उघडून मोजू नका.