दोऱ्याआधी पेन्सिल

आमच्या बचत गटात आयब्रो शिकताना एका गोल चेहऱ्याच्या मुलीची भुवई आम्ही वरूनही कोरली, गोल केली. चेहरा आणखीच गोल दिसला, आणि तिचं लग्न चार दिवसांवर!

आता आम्ही आधी पेन्सिल धरतो. नाकपुडीच्या कडेला उभी धरली की भुवईची सुरुवात कळते. समोर बघायला सांगून तिथूनच बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकी नेली की कमानीची जागा मिळते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की शेवट. गोल चेहऱ्याला कमान उठून दिसायला हवी, म्हणून खालचेच केस काढायचे, वरच्या रेघेला दोरा लावायचा नाही. लांबट चेहऱ्याला भुवई सरळसर ठेवायची. शंका आली तर केस राहू द्या. राहिलेला उद्या काढता येतो, काढलेला यायला आठवडे लागतात.