कोड १३०, भाव मात्र १२१ चा

धरा, जळगावात ठिबकच्या सामानाचं एक दुकान आहे. एक्सेलमधल्या भावाच्या यादीत पाच कोड आहेत, माल आला तसे टाकलेले: १०५, १३०, १०८, १२१, १४०. धुळ्याहून १३० च्या ५० नगांची ऑर्डर आली. यादीत १३० चा भाव ९० रुपये आहे, पण बिलात लागला ७०, म्हणजे १२१ चा. सरळ हजार रुपये गेले, आणि स्क्रीनवर एरर काहीच नाही!

फॉर्म्युला असा होता:

```
=VLOOKUP(D2,A2:B6,2)
```

यात शेवटचा, चौथा भाग लिहिलेलाच नाही. मग एक्सेल जवळपासचा कोडही चालवून घेतं, आणि यादी चढत्या क्रमात आहे असं धरून चालतं. ते थेट मधल्या ओळीवर जातं. तिथे १०८. आपला १३० त्याहून मोठा, म्हणून वरच्या ओळी बघतच नाही. खरा १३० तर तिथेच होता ना! खाली १२१ लहान, १४० मोठा, म्हणून १२१ चा भाव उचलतं.

गंमत म्हणजे बाकीचे चारही कोड बरोबर येतात. म्हणून दोन-तीन बिलं तपासून हे सापडत नाही.

नुसतं सॉर्ट करून भागत नाही. १३० सुधारेल, पण चुकून १३५ टाईप झालं तर १३० चाच भाव येईल. म्हणून असं लिहा:

```
=VLOOKUP(D2,$A$2:$B$6,2,FALSE)
```

आता १३५ ला `#N/A` येतं. येऊ द्या, बिल तिथेच थांबतं. डॉलरच्या खुणांमुळे फॉर्म्युला खाली ओढला तरी यादी सरकत नाही.