४०१ की ४०३: नकार देताना सर्व्हर काय सांगतो



वेब सेवा लिहिणाऱ्या प्रत्येक चमूत कधी ना कधी एक वाद झडतोच. विनंती नाकारायची हे ठरलेलं असतं, पण ४०१ पाठवायचा की ४०३? ‘दोन्हीचा अर्थ नाही असाच’ असं म्हणून कुणीतरी हाताला येईल तो आकडा लिहून मोकळा होतो. पलीकडच्या ॲपला मात्र याच आकड्यावरून पुढे काय करायचं ते ठरवायचं असतं.

एचटीटीपीचं सध्याचं मानक, म्हणजे जून २०२२ मध्ये आलेलं आरएफसी ९११०, या बाबतीत स्पष्ट आहे. विनंतीसोबत ग्राह्य ओळख आली नसेल तर ४०१. ओळख मुळात दिलीच नसेल, टोकनची मुदत संपली असेल किंवा त्याची सही जुळत नसेल, तरी उत्तर तेच. ४०३ चा अर्थ वेगळा आहे: विनंती समजली, पण ती पुरी करायला सर्व्हरचा नकार आहे. ओळख दिली असली तर ती या कामाला पुरेशी नाही, आणि तीच ओळख घेऊन ॲपने आपोआप पुन्हा येऊ नये. कधी या नकाराचा ओळखीशी संबंधही नसतो. ठरावीक आयपी पत्त्यांखेरीज कुणालाच आत घ्यायचं नसेल, तर लॉगिन केलेल्यालाही ४०३ च मिळेल.

निवड करताना सर्व्हर लिहिणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: त्याच माणसाने आत्ता नव्याने लॉगिन केलं, तर उत्तर बदलेल का? बदलणार असेल तर ४०१, नसेल तर ४०३. खातं निलंबित असलेल्या माणसाचा पासवर्ड बरोबर असेल, तर त्याला ४०३ द्यावा. तो कोण हे सर्व्हरला पटलेलं आहे. पासवर्ड पुन्हा टाकून त्याच्या पदरी काही पडणार नाही.

४०१ सोबत एक बंधनही येतं आणि ते सर्रास विसरलं जातं. या उत्तरात `WWW-Authenticate` हे हेडर असलंच पाहिजे. ओळख कोणत्या पद्धतीने द्यायची हे त्यातून कळतं. त्यात `Basic` लिहिलं असेल तर ब्राउझर स्वतःच नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट उघडतो.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहण्यासाठी महाविद्यालयाच्या गुणनोंदीचं एक ॲप डोळ्यांसमोर आणू. प्राध्यापकाच्या फोनमधलं टोकन पंधरा मिनिटं चालतं. ते संपलं की ॲप मागच्या मागे नवं टोकन आणतं आणि अडलेली विनंती पुन्हा पाठवतं; वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ही सारी यंत्रणा ४०१ वर बेतलेली असते. बेअरर टोकनांचे नियम ऑक्टोबर २०१२ च्या आरएफसी ६७५० मध्ये आहेत. त्यानुसार मुदत संपलेल्या टोकनाला असं उत्तर जातं:

```
HTTP/1.1 401 Unauthorized
WWW-Authenticate: Bearer realm="marks", error="invalid_token"
```

आता दुसरा प्रसंग. टोकन ताजं आहे, पण प्राध्यापक दुसऱ्या विभागाचे गुण बदलू पाहतात आणि तो अधिकार त्यांना नाही. इथे ४०३ जायला हवा. सर्व्हरने ४०१ पाठवला तर काय होईल? ॲप समजेल की टोकन संपलं. ते नवं टोकन आणेल, विनंती पुन्हा पाठवेल, पुन्हा ४०१ खाईल आणि पुन्हा टोकन आणायला धावेल. किती वेळा प्रयत्न करायचे याची मर्यादा ॲपमध्ये घातलेली नसेल, तर हे थांबत नाही. फोनवर नुसतं चक्र फिरत राहतं, आणि सर्व्हरच्या नोंदींमध्ये मात्र खूण अगदी ठळक उमटते:

```
POST /token        200
PUT  /marks/412    401
POST /token        200
PUT  /marks/412    401
```

नवं टोकन यशस्वीपणे मिळालं आणि पुढच्याच ओळीत पुन्हा ४०१ आला, अशी जोडी दिसली की ॲपमध्ये शोधाशोध करण्याआधी सर्व्हरची अधिकार तपासणी उघडून पाहावी. दोष बहुधा तिथेच सापडतो.

उलट चूक जास्त छळते, कारण ती गाजावाजा करत नाही. टोकन संपलेलं असताना ४०३ गेला, तर ॲप नवं टोकन आणायचा प्रयत्नच करत नाही. पडद्यावर ‘आपल्याला परवानगी नाही’ एवढंच येतं. प्राध्यापक कार्यालयात फोन करतात, तिथला माणूस अधिकारांची यादी तपासतो, यादीत सगळं नीट असतं. शेवटी कुणीतरी बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगतं आणि काम होतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तीच रड. पुन्हा लॉगिन केल्यावर नाहीसा होणारा ४०३ हा मुळात ४०१ असायला हवा होता, एवढं त्यावरून ओळखावं.

ही चूक नेहमीच निष्काळजीपणातून होत नाही. कधी फ्रेमवर्कच तो आकडा देतं. पायथॉनमधल्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कचं उदाहरण जाणून घेण्यासारखं आहे. ओळख पटवण्याच्या पद्धतींची यादी तिथे असते आणि उत्तराचा आकडा यादीतल्या पहिल्या पद्धतीवरून ठरतो. `SessionAuthentication` पहिली असेल, तर लॉगिन न केलेल्यालाही ४०३ मिळतो. कारण मानकाच्या त्याच बंधनात आहे: कुकीवर चालणारी ही पद्धत `WWW-Authenticate` मध्ये लिहायला काही देत नाही आणि त्या हेडरशिवाय ४०१ पाठवता येत नाही. `TokenAuthentication` यादीत वर आणली की तोच सर्व्हर ४०१ देऊ लागतो. फ्रेमवर्क नियमाला धरूनच वागतं. पण हे माहीत नसलेला नवखा प्रोग्रामर आपल्या परवानगीच्या कोडमध्ये चूक शोधत दिवस घालवतो.

एएसपी डॉट नेटच्या जुन्या एमव्हीसीमध्ये गोंधळ नेमका उलटा होता. `Authorize` लावलेल्या पानावर लॉगिन केलेला पण भूमिका नसलेला माणूस आला, तरी त्याला ४०१ च ठरायचा. फॉर्म्स ऑथेंटिकेशन त्या ४०१ चं रूपांतर लॉगिन पानाकडे वळवण्यात करायचं. बरोबर पासवर्ड टाकूनही माणूस पुन्हा लॉगिन पानावरच येऊन उभा राहायचा. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये `Challenge` आणि `Forbid` या दोन वेगळ्या क्रिया केल्या गेल्या, आणि या सुधारणेचं मनापासून स्वागतच करायला हवं.

एक अपवाद उरतो. काही ठिकाणी ४०३ हेच फार बोलणं ठरतं, कारण त्यातून ‘अशी वस्तू इथे आहे’ हे कळतं. वस्तूचं असणंच लपवायचं असेल तर ४०४ देण्याची मोकळीक मानकाने दिली आहे. गिटहब आपल्या एपीआयमध्ये परक्याला खासगी रेपॉझिटरीसाठी ४०४ च देतं. रुग्णाच्या नोंदींसाठीही हाच मार्ग योग्य. ॲमेझॉनच्या एस३ ने दुसऱ्या टोकाने तेच साधलं आहे: बकेटमधली यादी पाहायचा अधिकार नसलेल्याने नसलेली फाइल मागितली, तर त्याला ४०४ ऐवजी ४०३ मिळतो. दोन्हीकडे आहे आणि नाही यांचं उत्तर सारखंच येतं, आणि लपवालपवी टिकते ती त्यामुळेच. काही मार्गांवर ४०३ आणि काही मार्गांवर ४०४ असं मिसळलं, तर अंदाज बांधणाऱ्याचं काम सोपं होतं.

प्रत्येक संरक्षित मार्गासाठी चाचणीत तीन विनंत्या असाव्यात: एक टोकनशिवाय, एक संपलेल्या टोकनाची आणि एक ताज्या टोकनाची पण अधिकार नसलेल्या माणसाची. पहिल्या दोन्हींना ४०१ आणि सोबत हेडर, तिसरीला ४०३ किंवा आधी ठरवलेला ४०४. बहुतेक प्रकल्पांत यातली पहिलीच लिहिलेली आढळते, आणि वर सांगितलेले दोन्ही बिघाड नेमके उरलेल्या दोन विनंत्यांमध्ये दडलेले असतात.