आधी कापा, मग वाचा

प्रवासाहून परतल्यावर खिशातल्या पावत्या टेबलावर मांडून आपण मोबाइलने एकच फोटो काढतो. समजा, डावीकडे 1500 रुपयांची पेट्रोलची पावती आहे आणि उजवीकडे 420 रुपयांचं जेवणाचं बिल. संगणकानं हा फोटो सरळ वाचायला घेतला, तर तो एका ओळीत डावीकडून उजवीकडे जाऊन पेट्रोलच्या तारखेला जेवणाची रक्कम चिकटवू शकतो.

म्हणून आधी कापाकापी. प्रत्येक कागदाच्या कडा आणि चार कोपरे शोधायचे, तेवढा तुकडा वेगळा काढायचा, तिरका असेल तर सरळ करायचा. दुकानाचं नाव, तारीख, रक्कम हे सगळं त्यानंतर, एकेका तुकड्यातून.

घोळ होतो तो पांढऱ्या टेबलावर. पांढऱ्यावर पांढरी कड दिसतच नाही आणि दोन पावत्यांचा एक तुकडा होतो. गडद चादर अंथरून पावत्यांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवलं, की निम्मं काम झालं! एकावर एक पडलेल्या पावत्यांना मात्र इलाज नाही. झाकलेला आकडा कापून मिळत नाही, फोटो पुन्हाच काढावा लागतो.

चूक ओळखायची कशी? एका तुकड्यात दोन जीएसटी क्रमांक आले, तर बहुधा दोन पावत्या जुळल्यात. एकूण रक्कमच नसेल, तर लांब पावती मधेच तुटली असेल. आणि बेरीज करून पाहावी: जेवणाचे 400, अधिक दोन करांचे दहा-दहा, म्हणजे बरोबर 420.