संतापाचे पत्र आणि विनंतीचे पत्र



खेडेगावात कागद लिहिण्याचे काम निघाले की माणूस शाळेची पायरी चढतो. अर्ज असो, दाखला असो, वा वर्तमानपत्राच्या संपादकास धाडावयाचे पत्र असो. "गुरुजी, जरा बघा" असे म्हणून तो कागद पुढे करतो. अशा एका पत्राचा आज विचार करावयाचा आहे. उदाहरण कल्पित आहे; परंतु कुडाळ तालुक्यातील कोणत्याही वाडीवरच्या शिक्षकास ते परके वाटणार नाही.

आषाढातील एका सकाळी एक शेतकरी शाळेत येतो. वाडी आणि शाळा यांच्यामधल्या व्हाळावरील साकव मोडला आहे. रात्रभर जागून त्याने पत्र लिहिले आहे. "ह्यां पेपरात धाडूक व्हयां, गुरुजी," एवढेच तो म्हणतो. पत्र असे आहे :

"संपादक महाशय, आमच्या वाडीचा साकव मोडून पडला आहे. झोपा काढणाऱ्या अधिकाऱ्यांना लाज कशी वाटत नाही? साकवाचे पैसे कोणाच्या घशात गेले ते सर्वांना ठाऊक आहे. मते मागण्यास येणारे पुढारी आता कोठे दडून बसले आहेत? पोरे वाहून गेल्यावरच तुमचे डोळे उघडणार काय? सगळे एकाच माळेचे मणी!"

हा संताप खोटा नाही, आणि तो खोटा असल्यासारखे गुरुजींनी वागू नये. "असे लिहू नये" एवढे सांगून कागद परत केला, तर तो माणूस पुन्हा लेखणी हाती घेणार नाही. त्यापेक्षा पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसावे आणि घडलेली गोष्ट जेथे सांगितली असेल त्या वाक्याखाली रेघ ओढावी. येथे रेघ ओढता येते ती पहिल्याच एका वाक्याखाली. बाकीची वाक्ये निवाड्याची आहेत. ज्या गोष्टीवर निवाडा द्यावयाचा ती गोष्ट मात्र पत्रात नाही. कोणता साकव, तो केव्हा मोडला, त्यावरून किती मुले जात, आता ती कोठून जातात, कोणाकडे अर्ज केला आणि त्याचे काय झाले, यांपैकी काहीही दूरच्या वाचकास कळत नाही.

"पैसे कोणाच्या घशात गेले" या वाक्यापाशी अधिक थांबले पाहिजे. ज्यास पुरावा नाही असा आरोप संपादक बहुधा खोडून टाकतो. त्याने तो छापला तर अब्रुनुकसानीची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते, तशीच छापणाऱ्यावरही. या बाबतीत महाराष्ट्राच्या इतिहासात एक प्रसिद्ध दाखला आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत आहे या समजुतीने 'केसरी' व 'मराठा' यांनी तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. हेतू निर्मळ होता. परंतु ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. एवढ्या विद्वान संपादकांची जेथे अशी गत झाली, तेथे वाडीवरील शेतकऱ्याने ऐकीव गोष्टीवर सही करू नये. पैशाविषयी शंका असेल तर "या कामावर किती खर्च झाला, हे जाहीर व्हावे" असे विचारावे. तो त्याचा हक्क आहे, आणि त्यात कोणावर आरोपही नाही.

आता गुरुजींनी प्रश्न विचारावेत व उत्तरे टिपून घ्यावीत. साकव कधी मोडला? जूनच्या ९ तारखेस. शाळेत येणारी मुले किती? तेवीस. दुसरी वाट? मोठ्या पुलावरून, चार किलोमीटरांचा वळसा. कोणी पाहावयास आले होते काय? येथे शेतकरी जरा घुटमळतो आणि सांगतो की, बांधकाम उपविभागाचे अभियंता ३ जुलैस येऊन मोजमाप घेऊन गेले. संतापाच्या पत्रात ही गोष्ट दडली होती, कारण ती संतापास सोयीची नव्हती. नव्या पत्रात ती अवश्य यावी. प्रतिपक्षाचे केलेले काम जो मान्य करतो, त्याचे उरलेले म्हणणे वाचकास खरे वाटते.

पहिल्या दुरुस्तीत बहुधा एक निराळीच चूक होते. राग काढून टाकला की माणूस एकदम दीनवाणा होतो. "मायबाप सरकारने कृपादृष्टी करून योग्य ती कार्यवाही करावी" असे तो लिहितो. हे पत्र शांत झाले खरे, परंतु निर्जीवही झाले. "योग्य ती कार्यवाही" म्हणजे काय, हे ना लिहिणाऱ्यास ठाऊक, ना वाचणाऱ्यास. नागरिकाने भीक मागावयाची नाही, आणि शिवीही द्यावयाची नाही. 'पोरे वाहून गेल्यावर' या शब्दांतली खरी भीती मात्र ठेवावयाची. ती प्रश्नाच्या रूपाने फेकावयाची नाही, तर डोळ्यांस दिसेल अशी मांडावयाची. तिसऱ्या खेपेस पत्र असे उतरते :

"संपादक महाशय, कुडाळ तालुक्यातील आमच्या गावी व्हाळावरील साकव ९ जून रोजी मोडला. पलीकडच्या वाडीतील २३ मुले या साकवावरून शाळेत जात. आता त्यांना चार किलोमीटरांचा वळसा पडतो. पाऊस ओसरला की काही पालक मुलांना खांद्यावर घेऊन व्हाळ उतरतात. त्या वेळीही पाणी मोठ्या माणसाच्या कमरेस लागते. ग्रामपंचायतीने १२ जून रोजी अर्ज केला व ३ जुलै रोजी अभियंत्यांनी जागेची पाहणी केली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. त्यानंतर काही कळले नाही. भर पावसात पक्के काम होणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून दोनच गोष्टी मागतो. पावसाळा संपेपर्यंत मुलांसाठी सुरक्षित तात्पुरती सोय व्हावी, आणि पक्का साकव येत्या वर्षाच्या आराखड्यात घेतला जाईल किंवा नाही, हे ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. तात्पुरत्या कामासाठी वाडीतील माणसे श्रमदान करण्यास तयार आहेत."

पत्र साधले की नाही, हे पाहण्याचा उपाय सोपा आहे. ज्या अधिकाऱ्याकडे हे कात्रण जाईल, त्याच्या खुर्चीत क्षणभर बसावे आणि उत्तर लिहून पाहावे. "तुम्हांस लाज कशी वाटत नाही?" याला उत्तर लिहिता येत नाही, अधिकारी कागद बाजूस सारतो. "आराखड्यात घेणार की नाही?" याला होय किंवा नाही असेच उत्तर द्यावे लागते. तसेच पत्र दुसऱ्या तालुक्यातील माणसास वाचून दाखवावे. त्याला मुलांची वाट डोळ्यांपुढे आणता आली तर वर्णन पुरेसे झाले.

तरीही या पत्राच्या शक्तीस मर्यादा आहे. छापलेले पत्र निधी मंजूर करीत नाही. मूळ अर्जाची पोच नसेल, तर "अर्ज मिळालाच नाही" एवढ्या एका उत्तराने ते लंगडे पडते. तेव्हा अर्ज आधी, पोच हाती, आणि मग पत्र. वेळही महत्त्वाची आहे. राग जुलैत येतो आणि पत्रेही जुलैत येतात. पण पुढील वर्षाच्या कामांची जुळवाजुळव पावसाळा सरल्यावर सुरू होते, आणि मंजूर झालेले काम मृगापूर्वी पुरे व्हावे लागते. म्हणून दिवाळीच्या सुमारास त्याच तारखांसह एक स्मरणपत्र धाडावे. जुलैच्या पत्राचे कात्रण त्यास जोडावे, आणि विषय ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घ्यावा.

सहीचाही प्रश्न उरतो. महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ शिक्षकास लागू आहेत. परिषदेच्या कारभारावर टीका करणारे पत्र त्याने स्वतःच्या नावाने छापून आणणे त्यास अडचणीत टाकू शकते. पत्र ज्याचे, सही त्याचीच असावी. जमल्यास वाडीतील पाच-सहा पालकांचीही. खाली नाव, पत्ता व तारीख स्पष्ट असावी, कारण निनावी पत्र संपादक सहसा घेत नाही. सही करण्यापूर्वी गुरुजींनी ते पत्र त्या शेतकऱ्यास सावकाश वाचून दाखवावे, आणि एखादा शब्द त्याला आपला वाटला नाही, तर तो त्याच्याकडूनच बदलून घ्यावा.