पातेल्याच्या बुडाला चिकटलेली दुधाची पिशवी

परवा चहाचं गरम पातेलं ओट्यावर ठेवलं, आणि खाली नेमकी दुधाची रिकामी पिशवी होती. उचललं तर पिशवी बुडाला चिकटलेली! रूममेट म्हणाला, "परत गॅसवर ठेव रे, जळून जाईल."

हे अजिबात करू नका. वितळलेलं प्लास्टिक पेटतं, त्याचे जळते थेंब बर्नरवर पडतात आणि घरभर धूर होतो.

मी आधी पातेलं पूर्ण गार होऊ दिलं, मग तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं. गारठ्याने प्लास्टिक स्टीलपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, म्हणून कडा सुटतात. लाकडी उलथन्याने जाड थर निघाला. पातळ पापुद्रा मात्र राहिला.

आता उलटं करायचं. फ्रीझरचा गारवा गेल्यावर पातेल्यात उकळतं पाणी ओतलं आणि दोन मिनिटं थांबलो. ही पिशवी साधारण ११० अंशांना वितळते, म्हणजे उकळत्या पाण्याने ती फक्त मऊ पडते, पेटत नाही. पाणी ओतून टाकलं, पातेलं पालथं घातलं आणि हातात जाड फडकं धरून पापुद्रा खरवडला. उरलेले डाग खायचा सोडा आणि पाण्याच्या पेस्टने घासले.

नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. या प्लास्टिकवर त्याचा उपयोग होत नाही, आणि गॅसजवळ तो भडकतो.

शेवटी खिडकी उघडून, पातेल्यात पाणी घालून मंद आचेवर ठेवलं. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला, तर समजा अजून प्लास्टिक बाकी आहे. लगेच गॅस बंद करा आणि परत पहिल्यापासून!