वरची पावलं, खालचं छत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बँकेतून निवृत्त झाल्यावर दोन वेळा कमिटीवर होतो. तक्रारवहीत पाणी आणि पार्किंग यांच्या खालोखाल विषय एकच, वरच्यांचा आवाज. आता पंचवीस वर्षं झाली, घरोघरी मोझॅक काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवणं सुरू आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो.

आवाज दोन प्रकारचा. एक हवेतून येणारा : टीव्ही, बोलणं. तो अडवायला वजन लागतं. दोन घरांमधली प्लास्टर केलेली विटांची भिंत हे काम बऱ्यापैकी करते. भिंतीचं वजन दुप्पट केलं, तर आवाज पाच-सहा डेसिबलनं उतरतो. दुसरा आवाज आघाताचा : खुर्ची सरकवणं, टाचांची चाल आणि आपल्या सोलापुरात खलबत्त्यात कुटलेली शेंगा चटणी! इथे स्लॅबच थरथरतो. म्हणजे खालच्याचं छत हाच स्पीकर होतो, आणि स्लॅबला चिकटलेल्या भिंतीसुद्धा.

एका विंगमधली गोष्ट सांगतो. खालच्या मजल्यावर मुलगी बारावीला, वर दोन लहान नातवंडं. कुरबुर एवढी वाढली की जिन्यात भेटले तरी बोलत नव्हते. खालच्यांनी चांगला खर्च करून फॉल्स सीलिंग केलं, वर ग्लासवूल भरलं. फरक जेमतेम. कारण सीलिंग लोखंडी पट्ट्यांनी त्याच स्लॅबला घट्ट टांगलेलं, आणि भिंतींतून उतरणारा आवाज तर मोकळाच. ग्लासवूल पोकळीतला घुमणारा आवाज शोषतं, पण पट्टीतून उतरणाऱ्या कंपनाला ते काय करणार? काही जण थर्माकोल चिकटवतात, त्याला ना वजन, ना शोषण. पैसे वाया.

पावलांचा आवाज पाऊल पडतं तिथेच तोडावा लागतो. मागाच्या पायाखाली रबराचा किंवा नमद्याचा तुकडा का घालतात, हे आपल्या गावात कुणाला सांगायला नको. पुढे वरच्यांनी हॉलची फरशी काढली, तेव्हा दोन्ही घरांना समोरासमोर बसवून ते काम असं करून घेतलं.

जुनी मोझॅक आणि खालचा मसाला मिळून तीन इंच जाडी होती, ती स्लॅबपर्यंत काढली. स्लॅबवर दहा मिलिमीटर जाडीची रबरी चटई, सांधे टेपनं बंद. तीच चटई भिंतीच्या कडेनं वर वळवली. वर प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे ओला मसाला फटीतून खाली उतरत नाही. त्यावर जाळी घालून दोन इंच मसाला आणि मग टाइल. एकूण जाडी तीन इंचांच्या आतच, त्यामुळे दारं कापावी लागली नाहीत आणि स्लॅबवर वजनही वाढलं नाही. जुन्या फरशीवरच हे सगळं रचू नका. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो वापराचा भार धरून केलेला असतो, आणि दोन इंच मसाल्याचं वजनच शंभर किलोच्या वर जातं. इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाहीच.

खरी गंमत कडेला आहे. नवी फरशी भिंतीला कुठेही शिवता कामा नये. गवंडी मात्र सवयीनं स्कर्टिंग फरशीवर टेकवतो आणि सांधा सिमेंटनं भरतो. वीतभर जागी असा पूल झाला, तरी कंपन भिंतीत उतरतं. म्हणून स्कर्टिंगखाली तीन-चार मिलिमीटर फट ठेवायची आणि ती सिलिकॉननं भरायची. आम्ही स्कर्टिंग लावण्यापूर्वी वर हातोडीच्या दांड्यानं कडेकडेनं ठोकलं, खाली एकानं कान देऊन ऐकलं. बाल्कनीच्या दाराशी आवाज एकदम टणक आला. तिथे मसाला भिंतीला भिडला होता, तो खरवडून काढला.

आता खुर्चीची खरखर आणि टाचांची टकटक खाली जवळजवळ जात नाही. मुलं उड्या मारतात तो धप्प आवाज अजून जातो. तो जड, खालच्या पट्टीचा आवाज, दहा मिलिमीटरच्या चटईला तो पुरता झेपत नाही. नातवंडांसाठी त्यांनी जाड सतरंजी टाकली आहे.

फरशी बदलायची नसेल, तर खुर्च्यांच्या पायांना नमदा लावा. खलबत्ता खोलीच्या मधोमध नको, कॉलमजवळ ठेवा, तिथे स्लॅब कमी हलतो. खाली रबराचा तुकडा आणि चार घड्यांचा आपलाच सोलापुरी टॉवेल.

खालच्याला त्रास, पण इलाज वरच्याच्या घरात. आणि फरशी एकदा बसली की पुढची वीस वर्षं हात लावता येत नाही. म्हणून नूतनीकरणाच्या परवानगीच्या अर्जात चटई आणि स्कर्टिंगखालच्या फटीची एक ओळ घालावी, आणि मसाला पडण्याआधी खालच्या सभासदानं वर जाऊन कडा बघाव्यात, असा ठराव मी पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.